कार्डक्रमांकाचे बारा अंक तिकिटात आले: ते पुरे का करू नयेत आणि ठेवूही का नयेत

प्रश्न: आमच्या ऑनलाइन दुकानाच्या ग्राहकसेवेत मी काम करते. परतावा अडकलेल्या एका ग्राहकाने तिकिटात चुकून आपल्या कार्डाचे पहिले बारा अंक चिकटवले. शेवटचे चार अंक आमच्या ऑर्डरच्या पानावर दिसतातच. दोन्ही जोडून पूर्ण क्रमांक नोंदीत लिहून ठेवला, तर हिशेब विभागाचे काम सोपे होईल. ते नको असेल, तर निदान अर्धा क्रमांक तिकिटात तसाच राहिला म्हणून काय बिघडते?

उत्तर:

परताव्यासाठी कार्डक्रमांक लागत नाही. पेमेंट गेटवेच्या पानावर त्या ऑर्डरचा मूळ व्यवहार उघडून त्यावरूनच परतावा सुरू करायचा असतो. पैसे ज्या कार्डावरून आले त्याच कार्डाकडे, बँकांच्या साखळीतून, उलट जातात आणि त्यात तुमच्या दुकानाने सोळा अंक जाणण्याची गरज कुठेही पडत नाही. परतावा निघूनही ग्राहकाच्या खात्यात दिसत नसेल, तर गेटवेकडून एआरएन मागावा. हा तेवीस अंकी संदर्भ क्रमांक असतो आणि तो ग्राहकाने आपल्या बँकेला दिला की बँकेला पैसे शोधता येतात. हिशेब विभागालाही ताळमेळासाठी व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, तारीख आणि फार तर शेवटचे चार अंक पुरतात. त्यामुळे ‘काम सोपे होईल’ हे कारण मुळातच उरत नाही.

नियमही स्पष्ट आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून इतर कोणालाही प्रत्यक्ष कार्डाची माहिती साठवण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. व्यवहाराचा माग आणि ताळमेळ यांसाठी कार्डाचे शेवटचे चार अंक आणि कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव एवढेच ठेवता येते. तुमच्या ऑर्डरच्या पानावर नेमके चारच अंक दिसतात ते याच मुळे. पहिले बारा अंक या सवलतीत बसत नाहीत, मग ते कार्डाच्या रकान्यात असोत की तिकिटातल्या मजकुरात.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा, म्हणजे ‘अर्धाच तर आहे’. एखादा तुकडा अपुरा आहे की नाही, हे त्या तुकड्याकडे बघून ठरत नाही. तो जिथे पडला आहे तिथे शेजारी आणखी काय आहे, यावरून ठरते. तुमच्या दुकानात शेवटचे चार अंक साठवणे सुरक्षित मानले जाते, कारण आधीचे अंक तिथे नसतात असे गृहीत धरलेले असते. ग्राहकाने बारा अंक चिकटवताच ते गृहीतक मोडले. तिकिटाला ऑर्डर क्रमांक जोडलेला आहे, ऑर्डरच्या पानावर चार अंक आहेत, म्हणजे ज्याला ही दोन पाने उघडता येतात त्याच्यासाठी पूर्ण क्रमांक साठवल्यासारखाच आहे, तुम्ही तो एका ओळीत लिहा अथवा न लिहा. तुम्ही जोडून लिहिला तर एवढाच फरक पडेल, की आधी दोन पानांचा हक्क लागत होता तिथे आता एकाच पानाचा पुरेल आणि ‘चुकून आला’ हे स्पष्टीकरण देण्याची सोय जाईल, कारण जोडण्याचे काम तुमच्या हातून, जाणून झालेले असेल.

समजा शेजारी ते चार अंक नाहीत. तरीही कार्डक्रमांकाचा तुकडा दिसतो त्यापेक्षा जास्त सांगतो, कारण हा क्रमांक सरमिसळ अंकांचा नसतो. सुरुवातीचे सहा किंवा आठ अंक कार्ड कोणत्या बँकेचे आणि कोणत्या प्रकारचे आहे ते सांगतात. ते गुप्त नसतात. मधले अंक त्या ग्राहकाचे. आणि शेवटचा अंक हा पडताळणीचा असतो, जो आधीच्या सगळ्या अंकांवरून लून नावाच्या सोप्या पद्धतीने काढलेला असतो. टंकलेखनातली चूक लगेच कळावी यासाठी ही सोय आहे, पण तीच गहाळ अंक शोधायलाही उपयोगी पडते. सॉफ्टवेअरच्या चाचण्यांसाठी वापरतात तो एक प्रसिद्ध क्रमांक घेऊ आणि त्यातला एक अंक झाकू:

```
4111 1111 1?11 1111
```

सोळा अंकी क्रमांकात डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक दुप्पट करायचे, दुप्पट केल्यावर दोन अंकी संख्या आली तर तिच्या अंकांची बेरीज घ्यायची, बाकीचे अंक आहेत तसे ठेवायचे, आणि सगळ्यांची बेरीज दहाच्या पटीत यायला हवी. इथे ४ चे ८ झाले. दुप्पट करायच्या बाकीच्या सात जागांवर एकक आहेत, त्यांचे १४ झाले. झाकलेला अंक दहाव्या जागी आहे, म्हणजे दुप्पट न करण्याच्या जागी, तेव्हा तशा आठ जागांपैकी सातच एकक दिसतात आणि त्यांचे ७ होतात. बेरीज ८, १४ आणि ७ मिळून २९. तीस व्हायला एक कमी, म्हणून झाकलेला अंक १, दुसरा कोणताही नाही. अंक दुप्पट करण्याच्या जागी असता तरी उत्तर एकच आले असते, कारण ० ते ९ यांना दुप्पट करून बेरीज घेतली तर दहाही उत्तरे वेगवेगळी येतात. म्हणजे एक अंक झाकून क्रमांक ‘अर्धवट’ करण्याला काहीच अर्थ नाही.

चार अंक गहाळ असले तर दहा हजार शक्यता दिसतात, पण पडताळणीच्या अंकामुळे त्यांतल्या एक हजारच टिकतात. एक हजार ही संख्या हाताने लिहायला मोठी असली, तरी प्रोग्रामला काहीच नाही. काही दुकाने तेच कार्ड पुन्हा आले का हे ओळखण्यासाठी क्रमांकाचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेला ठसा, साठवत असत आणि हॅशवरून मूळ क्रमांक काढता येत नाही म्हणून निर्धास्त राहत. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरे. पण बारा अंक हाती असताना उलटा फिरवण्याची गरजच नाही, कारण एक हजार उमेदवारांचे हॅश काढून जुळणारा शोधला की झाले, आणि त्याला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. पहिले सहा आणि शेवटचे चार माहीत असतील तरी उरतात त्या एक लाख शक्यता, म्हणजे तेही अवघड नाही. म्हणूनच कार्ड-उद्योगाच्या पीसीआय डीएसएस या मानकात गुप्त किल्ली वापरून केलेलाच हॅश चालतो, आणि एकाच कार्डाचे हॅश व तुकडा जवळजवळ असतील तर ते एकमेकांशी जोडून मूळ क्रमांक उभा करता येऊ नये अशी खबरदारी घ्यावी लागते.

अर्धा क्रमांक साठवण्यातला आणखी एक धोका फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. तिकिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डक्रमांक आपोआप झाकणारा गाळणा असतो. तो सामान्यतः तेरा ते एकोणीस अंकांची रांग शोधतो आणि ती लूनच्या पडताळणीत उतरली तरच तिला कार्ड समजतो. नाहीतर प्रत्येक लांब ऑर्डर क्रमांक काळा होऊन बसला असता. पूर्ण क्रमांक आला असता तर तो बहुधा तिथेच झाकला गेला असता. बारा अंकांचा तुकडा मात्र लांबीत बसत नाही, म्हणून गाळण्यातून सहज निसटतो आणि साध्या मजकुरासारखा राहतो. वर बारा अंकी म्हटल्यावर आपल्याकडे आधार क्रमांक आठवतो, बँकेचा आरआरएन हा व्यवहार-संदर्भही बारा अंकी असतो, त्यामुळे घाईतल्या सहकाऱ्याने तो तुकडा ‘आधार’ किंवा ‘संदर्भ क्रमांक’ समजून ग्राहकाच्या नोंदीत कायमचा भरून टाकल्याचे मी पाहिले आहे. पूर्ण क्रमांक निदान सापडतो तरी. तुकडा चुकीच्या नावाखाली वर्षानुवर्षे राहतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. तिकीट उघडे असतानाच, उत्तर देण्याआधी, तो तुकडा काढा. बहुतेक तिकीट-प्रणालींत मजकुराचा निवडलेला भाग कायमचा पुसण्याची वेगळी सोय असते. साधे ‘संपादन’ करून भागत नाही, कारण संपादनाच्या इतिहासात जुना मजकूर शिल्लक राहतो. पुसल्यावर इतिहास उघडून तो खरोखर गेला का हे बघावे. ग्राहकाने ईमेल केली असेल तर तिकीट ही त्या ईमेलची नक्कल असते. मूळ ईमेल ग्राहकसेवेच्या मेलबॉक्समध्ये असते, शिवाय ‘नवीन तिकीट आले’ अशी सूचना तुमच्या चमूतल्या सगळ्यांना गेली असेल आणि तिच्यातही पहिल्या काही ओळी असतात. या जागा तिकीट क्रमांकावरून शोधा. शोधपट्टीत ते बारा अंकच टंकून शोधणे हा नेहमीचा घोटाळा आहे, कारण शोधांचाही इतिहास साठतो आणि तुम्ही पुसायला गेलेली गोष्ट आणखी एका ठिकाणी लिहिली जाते. त्याच कारणाने हा तुकडा कॉपी करून सहकाऱ्याला ‘हे बघ काय आले’ म्हणून पाठवू नये. विंडोजमध्ये क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल तर कॉपी केलेला मजकूर त्यातही राहतो.

स्क्रीनशॉट आला असेल तर फोनमधल्या हायलायटर पेनने अंक काळे करणे पुरेसे नाही. ती शाई अर्धपारदर्शक असते आणि चित्राचा उजेड वाढवला की खालचे अंक वाचता येतात. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तरी बऱ्याचदा खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. चित्र झाकत बसण्यापेक्षा ते काढून टाकावे, कारण या कामासाठी ते तुम्हाला लागणारच नाही.

मग ग्राहकाला उत्तर द्यावे, आणि उत्तरात त्याचा मूळ संदेश उद्धृत होत नाही याची खात्री करावी, नाहीतर पुसलेले अंक तुमच्याच ईमेलमधून पुन्हा बाहेर जातील. मी साधारण असे लिहितो: ‘नमस्कार. आपल्या संदेशात कार्डक्रमांकाचा काही भाग आला होता. परताव्यासाठी त्याची आवश्यकता नाही, म्हणून आम्ही तो आमच्या नोंदींतून काढला आहे. कृपया क्रमांकाचा उरलेला भाग, कार्डाची मुदत, सीव्हीव्ही किंवा ओटीपी आम्हाला अथवा इतर कोणालाही पाठवू नये, आणि आपण पाठवलेल्या संदेशातूनही तो भाग पुसावा.’ ‘४५ ने सुरू होणारे आपले कार्ड’ असे लिहून आपण ओळखल्याची साक्ष देण्याची गरज नाही. ‘शेवटचे चार अंक तेच ना?’ असे विचारणे तर अगदीच नको, कारण ते क्रमांक पुरा करून घेणेच आहे, फक्त ग्राहकाच्या तोंडून. तिकिटात अंतर्गत टीप ठेवायची असेल तर ‘ग्राहकाने कार्डक्रमांकाचा भाग पाठवला होता, अमुक वेळी काढला’ एवढीच ठेवावी. घटनेची नोंद हवी, अंकांची नको.

ग्राहकाने कार्ड बंद करावे का? निव्वळ बारा अंक गेले असतील आणि ते तुमच्याकडून तासाभरात पुसले गेले असतील, तर मी तसा सल्ला देत नाही. त्याच संदेशात मुदत आणि सीव्हीव्हीही आले असतील, तर मात्र कार्ड बदलून घ्यायला सांगतो आणि तोपर्यंत बँकेच्या अ‍ॅपमधून ऑनलाइन व आंतरराष्ट्रीय वापर बंद करायला सुचवतो. देशातल्या ऑनलाइन व्यवहाराला ओटीपीचा अडसर असतो, पण अनेक परदेशी संकेतस्थळे तो मागत नाहीत. सीव्हीव्ही तर व्यवहार मंजूर झाल्यावर दुकानाने कुठल्याही रूपात, अगदी एन्क्रिप्ट करूनही, ठेवायचा नसतो. तो तिकिटात दिसला की पूर्ण की अर्धा हा प्रश्नच येत नाही.

शेवटच्या चार अंकांविषयीही थोडी सावधगिरी हवी. ते ठेवण्याची मुभा आहे याचा अर्थ ते कोणालाही सांगावेत असा नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकी पत्रकार मॅट होनन यांच्या बाबतीत घडलेला प्रकार या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. हल्लेखोरांनी आधी त्यांच्या अ‍ॅमेझॉन खात्यात शिरकाव केला आणि तिथे दिसणारे कार्डाचे शेवटचे चार अंक घेतले. एका ठिकाणी पडद्यावर उघड दाखवण्याइतके निरुपद्रवी मानलेले तेच चार अंक, बिलाच्या पत्त्यासह, त्या वेळी अ‍ॅपलच्या ग्राहकसेवेला ओळख पटवायला पुरेसे होते. परिणामी त्यांचा आयफोन, आयपॅड आणि मॅकबुक दूरवरून पुसले गेले. फोनवर कोणी ‘माझ्या कार्डाचे शेवटचे अंक काय आहेत ते सांगा, मी पडताळतो’ म्हणाले, तर अंक त्याने सांगायचे असतात, आपण नव्हे.

पासवर्ड आणि किल्ल्यांबाबत हिशेब थोडा निराळा पडतो. माणसाने निवडलेल्या पासवर्डाचा अर्धा भाग दिसला की उरलेला बहुधा सुचतोच. गावाचे नाव आणि @ इथपर्यंत आला तर पुढे वर्ष असणार हे कोणीही सांगेल. तो ‘बरोबर आहे का ते बघू’ म्हणून लॉगिनच्या पानावर टंकून पाहणे हा मदतीचा भाग नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या प्रणालीत प्रवेश करणे हीच चूक आहे, हेतू चांगला असला तरी. पासवर्ड कितीही थोडा दिसला असला तरी तो बदलायला सांगावा आणि त्याचा कोणता भाग आपल्याला दिसला हेही परत लिहून पाठवू नये.

प्रोग्रामच्या वापराच्या लांब, यादृच्छिक किल्लीची अर्धीच अक्षरे दिसली तर अंदाजाने ती पुरी होत नाही. चाळीस अक्षरी किल्लीतली वीस गहाळ असतील तर सगळ्या शक्यता एकेक करून तपासणे व्यवहारात जमत नाही. तिथे धोका असतो तो उरलेली वीस अक्षरे त्याच तिकिटाच्या जुन्या संदेशात, लॉगमध्ये किंवा दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये सापडण्याचा, म्हणजे पुन्हा शेजाराचाच. आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीच्या खासगी किल्लीला तर हा दिलासाही लागू नाही: गणितज्ञ डॉन कॉपरस्मिथ यांनी १९९६ साली दाखवून दिले, की ती ज्या दोन मूळ संख्यांवर उभी असते त्यांपैकी एकीचे सुरुवातीचे निम्मे बिट माहीत असले तर किल्ली उलगडता येते. म्हणून विकासकांकडून किल्लीचा तुकडा आला तर त्याची लांबी मोजत बसू नये; जुनी किल्ली रद्द करून नवी काढायला त्याच दिवशी सांगावे. कार्ड बदलायला ग्राहकाला पाच-सात दिवसांचा त्रास होतो, किल्ली बदलायला बहुधा काही मिनिटे पुरतात.

तुमच्या या तिकिटात आता तीनच गोष्टी बाकी आहेत: तुकडा आणि त्याच्या सूचना-ईमेल पुसणे, वरच्यासारखे उत्तर पाठवणे आणि मूळ व्यवहारावरून परतावा तपासून एआरएन देणे. हिशेब विभागाने तरीही कार्डक्रमांक मागितला, तर त्यांना व्यवहार क्रमांक द्या आणि ताळमेळाच्या तक्त्यात ‘कार्डक्रमांक’ असा रकाना आहे का ते विचारा. असेल तर त्यात आधीच इतर ग्राहकांचे अंक असण्याची शक्यता आहे, आणि तो तक्ता या एका तिकिटापेक्षा आधी साफ करायला हवा.